सहा पूर्णांक एक
रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची शुगर ९६, म्हणजे नॉर्मल, म्हणून मी पीडीएफ बंदच करणार होतो, तेवढ्यात खाली एचबीए१सी ६.१ दिसलं आणि शेजारी प्रीडायबेटिस. वय २७, वजन नॉर्मल, मला वाटलं लॅबवाल्यांनी सॅम्पल बदललं.

कंपनीच्या डॉक्टर मॅडम हसल्या. "उपाशीपोटीची शुगर म्हणजे त्या सकाळचा एक स्क्रीनशॉट, एचबीए१सी हा दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा लॉग आहे."

लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढे दिवस साखर त्यांना चिकटत राहते आणि ही टेस्ट तीच मोजते म्हणे. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. रक्त कमी असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन बघून टेस्ट परत करायची.

दिवसभर दुसऱ्यांचे लॉग वाचतो मी, स्वतःचा आज पहिल्यांदा उघडला. तुमच्यापैकी कोणी बघितलाय?