पहिला फोन वहिनींना

"मित्र अ‍ॅडमिट असला की भेटायला जायची यादी ग्रुपवर टाकता ती ठरवता कशी, आणि लोकांना राग नाही का येत?"

पहिला फोन घरच्या एकाच माणसाला, ग्रुपवर मेसेज त्यानंतर. आमच्या शाळेच्या ग्रुपमधला एक मित्र भात लावणीच्या दिवसांत लेप्टो होऊन कुडाळात अ‍ॅडमिट होता, किडनीवर परिणाम झालेला, तेव्हा मी वहिनींना एवढंच विचारलं की लोक आलेले चालतील का, कधी, किती जण आणि काय बोललेलं नको. त्या म्हणाल्या, "भावोजी, चार ते पाच, एका वेळी दोघंच, आणि सासूबाईंसमोर किडनीचा विषय नको." मग मेसेज लिहिला, आधी त्यांना वाचून दाखवला, त्यांनी हो म्हटल्यावर टाकला आणि पिन केला:

"रोज दोघेच, चार ते पाचमध्येच, पंधरा मिनिटं. सर्दी-खोकला असेल तर थांबा. फोटो, रिपोर्ट ग्रुपवर नको. वहिनींना फोन नको, मला करा. खायला-प्यायला काही आणू नका, शहाळंपण नको."

शहाळ्यावरून थोडं वाजलं, कारण आपल्याकडे आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं कुणाला पटतच नाही. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठतं, त्याचा त्रास थेट हृदयाला होतो. शिवाय सिस्टर कॉटजवळच्या कागदावर पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली ते एमएलमध्ये लिहीत होत्या, कुणी प्रेमाने अर्धा ग्लास सरबत पाजलं की तो हिशोबच चुकतो आणि डॉक्टरांना वाटतं सूज उगाच वाढली. हे असं कारणासकट परत लिहिलं तेव्हा पुढे कुणी वाद घातला नाही, नुसतं "आणू नका" एवढ्यावरच सोडलं असतं तर चार जण तरी शहाळी घेऊन गेले असते.

लेप्टो पेशंटकडून सहसा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे "मग गर्दी झाली तर काय" असंही एकाने विचारलं. तर प्रत्येकाला तीच हकीकत सांगून माणूस दमतो, आणि वॉर्डात बाजूच्या कॉटवरही पेशंट असतातच ना.

डायलिसिसचे दिवस यादीत कोरेच ठेवले. वहिनींचा "आज नको" आला की त्या दिवसाच्या दोघांना मी लगेच कळवायचो, कारण विचारायचं नाही असं आधीच ठरलेलं. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना दुसरी कामं दिली, कुणी वहिनींचा रात्रीचा डबा, कुणी त्यांच्या म्हशीचं दूध डेअरीवर, आणि राग जो थोडाफार होता तो तिथेच गेला. मुंबईवाल्यांना सांगितलं, चतुर्थीला येणारच आहात, तेव्हा घरी भेटा, तेही वहिनींना विचारूनच.