अठरा शॉट्सवरून क्रमवारी लावताना

अमेरिकेतील बास्केटबॉल लीग एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि पहिल्या पंधरवड्यानंतर तीन गुणांच्या शॉट्सची टक्केवारी पाहिली, तर यादीच्या शिरोभागी नेहमी मोजकेच शॉट घेतलेले खेळाडू दिसतात. मी क्रमवारी मांडायला बसलो तेव्हा माझ्यासमोर दोन नोंदी होत्या: एकाने १८ पैकी ११ शॉट यशस्वी केले होते (६१ टक्के), तर दुसऱ्याने ७६ पैकी ३४ (सुमारे ४५ टक्के). दुसऱ्याची कामगिरी मला अधिक भरवशाची वाटत होती, पण ते आकड्यांत दाखवायचे कसे, हा प्रश्न होता.

बेझच्या पद्धतीचा सोपा मार्ग असा की, प्रत्येकाच्या नोंदीत लीगच्या सरासरीने, म्हणजे साधारण ३६ टक्क्यांनी, मारलेले काही काल्पनिक शॉट मिसळायचे. यशस्वी शॉट `x`, एकूण शॉट `n` आणि काल्पनिक शॉट `K` असतील, तर सूत्र असे होते:

```
(x + 0.36*K) / (n + K)
```

सगळा भार `K` वर असतो आणि माझी चूक तिथेच झाली. मागील हंगामात १५०च्या आसपास शॉट घेतलेल्या खेळाडूंच्या टक्केवारीचे प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीभोवती किती पसरली आहे याचे माप, मी काढले, ते ४.९ अंकांच्या, म्हणजे ०.०४९ च्या आसपास आले, आणि `0.36*0.64` ला त्याच्या वर्गाने भागून १ वजा केल्यावर `K` सुमारे ९५ मिळाला. त्यानुसार पहिला खेळाडू ४०.० आणि दुसरा ३९.९ टक्क्यांवर आला, म्हणजे १८ शॉटवालाच पुढे राहिला. त्या विचलनात कौशल्यातला फरक आणि १५० शॉटमधला निव्वळ योगायोग असे दोन्ही मिसळलेले आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. विचलनाच्या वर्गात योगायोगाचा वाटा `0.36*0.64/150`, म्हणजे ०.००१५, तो एकूण ०.००२४ मधून वजा केला की कौशल्याचा वाटा ०.०००९, अर्थात ३ अंकांचे विचलन उरते आणि `K` थेट २५५ होतो. आता पहिला ३७.७ वर, तर दुसरा ३८.० वर गेला.

तरीही यादीत एक सेंटर, म्हणजे मुख्यतः बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, खटकत होता. त्याने ३ शॉट घेतले आणि तिन्ही चुकवले, पण त्याचा अंदाज ३५.६ टक्के निघाला आणि ७० पैकी २० शॉट मारणाऱ्या, बास्केटपासून दूर खेळणाऱ्या गार्डच्या (३४.४) तो वर बसला. जो खेळाडू दुरून क्वचितच शॉट घेतो त्याला लीगची सरासरी बहाल करणे गैर आहे, कारण तो बहुधा नेम कच्चा असल्यामुळेच घेत नाही. म्हणून सेंटर आणि गार्ड यांच्यासाठी मी वेगवेगळ्या सरासऱ्या धरल्या.

शेवटी प्रत्येक अंदाजापुढे त्याची अनिश्चितताही लिहिली. पहिल्या दोघांपैकी एकासाठी ती सुमारे २.९ आणि दुसऱ्यासाठी सुमारे २.७ अंक आहे, त्यामुळे त्यांच्यातील ०.३ अंकाच्या फरकावर मी क्रम ठरवला नाही आणि दोघांनाही एकाच स्थानावर ठेवले.