सत्तर मिनिटांची विश्रांती

2019ची आषाढी एकादशी शुक्रवारी, 12 जुलैला होती. आमच्या बसच्या धंद्यात एकादशीपेक्षा द्वादशीची धास्ती जास्त. जाताना माणसं आठ-दहा दिवसांत विखरून जातात, परतायचं मात्र सगळ्यांना एकाच दिवशी असतं. मी तेव्हा सोलापुरातल्या एका आगारात चालकांच्या ड्युट्या लावत होतो. त्या शनिवारची एक ड्युटी अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण कागदावर तिच्यात एकही चूक सापडत नव्हती.

सोलापूर–पंढरपूर साधारण पाऊण-शे किलोमीटर, मोहोळवरून. एरवी पावणेदोन तास. ड्युटी दोन फेऱ्यांची, म्हणजे चार खेपांची. साडेपाचला हजेरी, पावणेसहाला गाडी बाहेर, साडेसातला पंढरपूर, तिथे अर्धा तास थांबून पावणेदहाला सोलापूर. मग 45 मिनिटांची सुट्टी, परत तसंच, आणि पावणेतीनला मोकळा. ही ड्युटी मीच बसवली होती आणि मला तिचा अभिमान होता. चालवणं सात तास, हजेरी आणि गाडी जमा करण्याची पंधरा-पंधरा मिनिटं धरून साडेसात. चालकाला सलग पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागायची. इथे तर दोन तासांतच मिळत होती.

तेव्हा आमच्यासाठी 1961चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. रोजचे आठ तास, सणासुदीला परवानगी घेऊन जास्तीत जास्त दहा. हजेरीपासून सुटेपर्यंतचा एकूण पसारा बारा तासांच्या आत. सुटल्यापासून पुढच्या हजेरीपर्यंत सलग नऊ तास मोकळे. ड्युट्या लावणारा हे आकडे डोळे मिटून सांगतो. माझ्यासारखे सगळे एवढ्यावरच थांबतात.

त्या दिवशी त्या ड्युटीवरचे काका पन्नाशीचे, तीस वर्षांच्या नोकरीत एकही अपघात नसलेले. पंढरपुरात 7.40ला पोचले आणि 8.50ला निघाले. म्हणजे लॉगशीटवर 70 मिनिटं थांबा. सोलापूरला यायला 10.50 झाले. स्थानकावर वारकरी खचाखच, लोक खिडकीच्या जाळीवर हात आपटत होते. वास्तविक काकांना 45 मिनिटं द्यायची होती. मी लॉगशीट पाहिली, पंढरपूरचा 70 मिनिटांचा थांबा पाहिला आणि म्हणालो, "काका, तिकडं चांगला तास-सव्वा तास आराम झालाय, 11.10ला काढा." काका काही बोलले नाहीत. मान हलवून बाटली भरायला गेले.

दुसऱ्या फेरीत पोच 1.30, निघाले 2.40. परत 70 मिनिटं. सोलापूरला पाच वाजता आले, सव्वापाचला सुटले.

वाहक बाई हिशेब द्यायला आल्या. पैसे मोजून झाल्यावरही उभ्याच राहिल्या. "साहेब, तुम्ही काकांना काय म्हणू नका, पण सांगायला पायजे. पेनूरच्या पुढं गाडी दोनदा पांढऱ्या पट्टीवर गेली. दुसऱ्यांदा एकदम झटका देऊन आत घेतली. मीच घंटी मारून टपरीवर थांबवली, तोंड धुवायला लावलं, चहा पाजला. प्रवाशांना सांगितलं, चाक बघतोय म्हणून."

झोप लागत आलेल्या चालकाची खूण हीच. गाडी हळूहळू बाजूला सरकते आणि मग दचकून एकदम सरळ होते. जागा माणूस चाक सतत थोडं थोडं सावरत असतो. त्या गाडीत बसलेल्या आणि उभ्या, मिळून साठच्या वर माणसं होती.

मी पुन्हा लॉगशीट घेऊन बसलो. चार खेपांचं चालवणं आठ तास पस्तीस मिनिटं, हजेरीचं आणि गाडी जमा करण्याचं अर्धा तास, एकूण 9 तास 5 मिनिटं. दहाच्या आत. पसारा 11.45, बाराच्या आत. दोन्ही फेऱ्यांत 70-70 मिनिटं विश्रांती. कुठल्याही तपासणीत ही ड्युटी पास झाली असती.

मग मी काकांना विश्रांतीगृहात गाठलं आणि विचारलं, पंढरपुरात त्या 70 मिनिटांत काय केलंत? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "काय करणार साहेब? लाईनीत होतो की. पुढची गाडी भरून निघाली की आपली दोन गाड्या पुढं घ्यायची. दर पाच-सात मिनिटाला स्टार्टर. खाली उतरलो तर मागचे हॉर्न मारतात, आन् म्हाताऱ्या चाकापाशी बसलेल्या असतात, त्यांना बघूनच गाडी हलवायला लागती. लघवीला जायला मिळालं तेवढंच."

गाडी थांबलेली होती, काका थांबलेले नव्हते. कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या होती, ती मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचली. माणूस मालकाच्या हुकमात असतो तो वेळ काम. शेवटच्या थांब्यावर नुसतं हजर राहणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तेही काम. पंधराच्या वरचं नुसतं हजर राहणं आम्ही सरसकट विश्रांतीत टाकत आलो होतो. पण रांगेत गाडी सरकवणं हे 'नुसतं हजर राहणं' नाहीच. ती 140 मिनिटं कामात धरली तर काकांचं काम 11 तास 25 मिनिटं होतं. आणि साडेपाचपासून पाचपर्यंत स्टिअरिंगपासून खरी सुटका झाली ती फक्त 20 मिनिटं, 10.50 ते 11.10. बाकीची 25 मिनिटं मी काढून घेतली होती.

गर्दीला, वेळापत्रकाला दोष देता येतो आणि तो आहेच. पोच आणि निघाली एवढेच दोन रकाने ठेवणाऱ्याला रांग माहीत नव्हती. पण त्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात होती.

रविवारीही गर्दी होती. एक जादा खेप रद्द केली आणि तो चालक पंढरपूरच्या रांगेत नेमला. त्याचं काम एकच. रांगेत गाडी लागली की चाकावर बसायचं, तिच्या चालकाला अर्धा तास पूर्ण सोडायचं, मग पुढच्या गाडीकडे जायचं. आमच्या 12 गाड्या, प्रत्येकीला अर्धा तास, म्हणजे सहा तास. चालत जाण्याचा वेळ आणि त्याची स्वतःची विश्रांती धरून एका माणसाची ड्युटी भरली. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, नियम मोडलेला नसताना खेप का कापली? मी पेनूरचं सांगितलं. ते म्हणाले, "ते कुठं लिहिलंय?" लिहिलेलं कुठंच नव्हतं. वाहक बाई बोलल्या नसत्या तर मलाही कळलं नसतं.

काकांना त्या दिवशी मी सकाळची ड्युटी दिली नाही, दुपारची दिली. संध्याकाळी पंढरपुरात बदली चालकाने गाडी घेतल्यावर ते चपला उशाला घेऊन मंडपात सतरंजीवर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले, असं त्या चालकाने सांगितलं. रात्री लॉगशीट देताना त्यांनी विचारलं, "साहेब, हे अर्धा तास कुठं लिहायचं? थांबा तर आधीच पाऊण तास लिहिलाय."

रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, 'चालक गाडीतून खाली, 30 मि.' आणि सही केली.