चारशे फॉर्म भरले, नव्वद घरांना कुलूप

ऊसतोडीला किती घरं जातात, हा प्रश्न बीड जिल्ह्यात चहाच्या टपरीवर टाकला तरी कुणीही उत्तर देईल. आम्ही तो रीतसर प्रश्नावली करून विचारला. वीस गावं, प्रत्येक गावात वीस घरं, एकूण चारशे. उत्तर आलं २२ टक्के. तक्ता मी काढला होता. आमचा गाडीवाला पाटोद्याकडचा. आकडा ऐकून तो म्हणाला, "साहेब, डोंगरातली गावं सोडून दिली का काय?"

सोडली नव्हती. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखीच निवडली होती, बालाघाटावरचीही आणि गोदाकाठची बागायती पण. प्रत्येक गावात आधी घरयादी केली, मग तिच्यातून ठरावीक अंतराने घरं उचलली. निवडीत खोट काढायला जागा नव्हती.

आता २२ म्हणजे नेमकं २२ असं कुणीच म्हणत नाही. चारशेच्या जागी दुसरी चारशे घरं चिठ्ठीत निघाली असती तर २० आलं असतं, नाहीतर २५. योगायोगाच्या या हेलकाव्याला नमुना त्रुटी म्हणतात, ऑफिसात सगळे सॅम्पलिंग एररच म्हणतात. सगळ्यांना न विचारता काहींनाच विचारल्यामुळे ती येते. तिचं एक बरं आहे, ती मोजता येते. घरं सुटी सुटी निवडली असती तर २२ टक्क्यांमागे साधारण ४ टक्के इकडेतिकडे. आम्ही गावागावाने गठ्ठ्यात निवडली होती, आणि एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. डोंगरातल्या वाडीवर दसरा-दिवाळीनंतर आळीच्या आळी कारखान्यावर जाते, माजलगावकडच्या बागायती गावात शोधून चार घरं सापडतात. त्यामुळे वीस घरं विचारून वीस घरांइतकी माहिती मिळत नाही. हे धरलं की ४ चे जवळपास ६ होतात. म्हणजे आमचं उत्तर १६ ते २८ च्या दरम्यान.

ज्यांच्या पैशावर सर्व्हे चालला होता त्यांना हे ६ फार वाटले. घरं चौपट करा, चारशेची सोळाशे करा, असा निरोप आला. हिशोब बरोबर होता. गावांसकट घरं चौपट केली की ही त्रुटी निम्मी होते, ६ चे ३ होतात.

शिवाय एक तपासणी आम्ही आधीच करून ठेवली होती. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालच्या पीक-पाहण्यांत वापरलेली ती जुनी युक्ती: नमुन्याचे चिठ्ठीनेच दोन भाग करायचे, दोन वेगळ्या टोळ्यांना द्यायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. एखादी टोळी झाडाखाली बसून फॉर्म भरत असेल किंवा प्रश्न भलत्याच तऱ्हेने विचारत असेल तर दोन्ही उत्तरांत योगायोगाने पडेल त्याहून मोठा फरक दिसतो. आमच्या एका टोळीचं आलं २१, दुसरीचं २३. आणखी काय पाहिजे?

तरी गाडीवाल्याचं बोलणं डोक्यातून जाईना. आकड्यापेक्षा मला फॉर्मवरचे घर क्रमांक बघावेसे वाटले. घरयादीतून निवडलेले क्रमांक एका कागदावर, भरलेल्या फॉर्मवरचे दुसऱ्या. ताडून पाहिलं तर गोल हिशोबाने चारशेतली नव्वद घरं जुळत नव्हती. कुठं ४७ च्या जागी ४८, कुठं ११२ च्या जागी ११३. लबाडी नव्हती. आमच्याकडे वरून आलेल्या सूचनापत्रातच लिहिलं होतं: निवडलेलं घर बंद असल्यास लगतचं उघडं घर घ्यावं. पोरांनी सांगितलं तसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी धारूरच्या बाजूच्या एका वाडीवर गेलो, डिसेंबरातच. आमची प्रगणक मुलगी बरोबर होती. निवडलेल्या वीस घरांपैकी अकरांना कुलूप. एका दाराशेजारी म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "माय, ह्या घरची कुठं गेली?"

"कारखान्यावर गेलेत की लेकरा. मुकादमाची उचल घेतलीय, फेडल्याबिगर येतेत का? पाडव्याच्या पुढं येतेत."

"आणि ते पलीकडचं?"

"तेबी. तेच्या पलीकडचंबी. आता हितं आम्ही म्हातारी अन् कुत्री."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "सर, मग मी उघडी घरं घेतली ती सगळी न गेलेल्यांचीच ना?"

तिने एका वाक्यात सांगितलं ते आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. घर बंद का आहे याचं कारण आणि आमच्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, लेकरंही बरोबर जातात, म्हणून घराला कुलूप लागतं. म्हातारं माणूस मागे राहिलं तरच दार उघडं. आम्ही दर बंद दारामागे एक उघडं दार शोधून काढत होतो, म्हणजे गेलेल्या घराच्या जागी बहुतेक वेळा न गेलेलं घर बसवत होतो. ही नमुनेतर त्रुटी, नॉन-सॅम्पलिंग एरर. निवडीतल्या योगायोगाशी तिचा संबंध नाही. जिल्ह्यातल्या एकूण एक घराच्या दारात जाऊन हाच नियम पाळला असता, तर नमुना त्रुटी शून्य झाली असती आणि उत्तर तरी २२ च्या आसपासच आलं असतं. या दोन त्रुटी वेगळ्या ओळखायला मी आजही हाच प्रश्न विचारतो: सगळ्यांकडे गेलो तर चूक जाईल का?

सोळाशे घरांचं काय झालं असतं तेही मग उघड झालं. २२ अधिक-उणे ६ च्या जागी २२ अधिक-उणे ३. चुकीच्या आकड्याभोवतीचं कुंपण आणखी आवळलं असतं, एवढंच.

दोन टोळ्यांची उत्तरं जुळली कशी, याचाही उलगडा झाला. दोघींच्या हातात सूचनापत्र एकच. महालनोबिसांची युक्ती एका टोळीची खोड पकडते. दोघींना मिळून एकच चुकीचा नियम दिला असेल तर ती मुकी राहते. आणि कॉम्प्युटरला तरी काय दिसणार? त्याच्या फाइलमध्ये चारशेच्या चारशे ओळी भरलेल्या. एक रकाना मोकळा नाही. बंद घराची जागा रिकामी ठेवली असती तर निदान भोक तरी दिसलं असतं. ते शेजारच्या घराने बुजवलं होतं.

डिसेंबरात हातात होतं तेवढ्यावर खरं काय म्हणता आलं असतं? मूळ निवडलेल्यांपैकी ३१० घरं उघडी भेटली, त्यातल्या ६८ घरांनी कुणीतरी ऊसतोडीला गेल्याचं सांगितलं. उरलेल्या नव्वदांतलं एकही गेलं नसेल असं धरा: चारशेत ६८, म्हणजे १७ टक्के. नव्वदच्या नव्वद गेली धरा: १५८, म्हणजे साडेएकोणचाळीस. तेव्हाचं प्रामाणिक उत्तर १७ ते साडेएकोणचाळीसमधलं काहीतरी, आणि वर ते सहाचं इकडेतिकडे वेगळंच. असं उत्तर घेऊन बैठकीत गेलं की लोक हसतात, तसे हसलेही. पण २२ अधिक-उणे ६ या उत्तरात जी खात्री दिसत होती ती आमच्याकडे कधीच नव्हती.

मे महिन्यात, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यावर, त्या नव्वद घरांकडे पुन्हा माणसं पाठवली. चौऱ्याऐंशी भेटली. त्यातली बहात्तर ऊसतोडीला गेलेली होती, बाकीची बारा पुण्याला कामाला, शेतातल्या आखाड्यावर, कुणी दवाखान्याच्या पायी लेकीकडे. सहा घरं तेव्हाही बंदच होती, त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत काही कळलं नाही. ६८ आणि ७२ मिळून १४०. म्हणजे ३५ टक्के.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. पण गाड्या गेल्याच होत्या, म्हणून ज्या ६८ घरांनी "गेलंय" म्हटलं होतं त्यांनाही पुन्हा विचारून घेतलं. दहा घरांत वेगळीच भानगड निघाली. म्हातारा-म्हातारीने "आमचा पोरगा गेलाय" सांगितलं होतं, ते खरंच होतं. पण पोरगा वेगळा राहणारा, त्याची चूल वेगळी, घरयादीत त्याचं घरही वेगळं. आमच्या सर्व्हेत घर म्हणजे एक चूल. फॉर्मवर मात्र प्रश्न होता, "तुमच्या घरातून कुणी गेलं का?" कुठली आई पोराला परक्या घरचा म्हणेल! ती दहा घरं वजा झाली, १३० उरली, टक्के साडेबत्तीस. ती न कळलेली सहा घरं सगळी गेलेली धरली तरी ३४ होतात.

म्हणजे कुलपांमुळे आकडा खाली ओढला जात होता, आणि चुलीच्या घोळामुळे वर. नमुनेतर त्रुटींची मला सगळ्यात भीती वाटते ती यासाठी. त्या एका दिशेच्या असतील असं नाही. एकमेकींना झाकूही शकतात, आणि त्यातली एकच दुरुस्त केली तर उत्तर पहिल्यापेक्षा जास्तही चुकू शकतं. आमच्याकडे कुलपांची ओढ कितीतरी मोठी होती म्हणून ती दिसली तरी. दोन्ही सारख्या असत्या तर गाडीवाल्यालाही शंका आली नसती.

साडेबत्तीसलाही साडेसहा-सातचं अधिक-उणे आहेच. ते काही गेलं नाही, चारशे घरं चारशेच होती. आणि पुन्हा न विचारलेल्या, "कुणी नाही गेलं" म्हणणाऱ्या घरांपैकी किती जणांनी उचलीच्या वादामुळे किंवा लेकरांची शाळा बुडते म्हणून खोटं सांगितलं असेल, त्याचं माप माझ्याकडे नाही. त्यांनाही थोडी थोडी गाठायला हवी होती, पण तेवढा पैसा उरला नव्हता.

सोळाशेचा बेत रद्द झाला. पुढच्या हंगामासाठी पुन्हा चारशेच घरं ठरली, आणि वाचलेल्या पैशातून डिसेंबर आणि मे अशा दोन फेऱ्या. सूचनापत्रातली शेजारच्या घराची ओळ काढली. बंद घर बंद म्हणूनच लिहायचं, वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, आणि तरी कुणी नसेल तर घरची मंडळी कुठं आहेत ते शेजाऱ्याला विचारून वेगळ्या रकान्यात टिपायचं. शेजाऱ्याचं उत्तर घरवाल्याच्या उत्तरात मिसळायचं नाही. प्रश्नही बदलला: आधी या चुलीवर जेवणाऱ्यांची नावं लिहायची, मग एकेक नाव घेऊन विचारायचं, हा कुठं आहे, ही कुठं आहे. एका फॉर्मला दहा मिनिटं जास्त लागतात, म्हणून प्रगणक कुरकुर करतात.