गुण घटले आणि प्रवेश मिळाला

नीटचा पेपर संपला की ओएमआर उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांकडे द्यावी लागते, प्रश्नपुस्तिका मात्र घरी नेता येते. कच्चे काम त्याच पुस्तिकेत करायचे असल्याने कोणत्या प्रश्नावर किती खाडाखोड झाली, कुठे सूत्र अर्धवट सुटले आणि कुठे नुसतीच खूण करून पुढे गेलो, हे सगळे तिच्यात जसेच्या तसे राहते. माझ्याकडे २०२३, २०२४ आणि २०२५ अशा तीन पुस्तिका आहेत. तिसऱ्या प्रयत्नात शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यानंतर मी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या दोन पुस्तिकांमधली मुलगी मला जेवढी आठवत होती तेवढी कच्ची नव्हती, हे त्या वाचनात प्रथम लक्षात आले.

माझे गुण अनुक्रमे ४११, ५८८ आणि ५२६. म्हणजे प्रवेश मिळाला तो आधीच्या वर्षीपेक्षा बासष्ट गुण कमी पडले तेव्हा. गंगाखेडला घरी पेढे वाटताना आत्याने विचारलेच, "अगं, मागच्या वर्षी जास्त होते ना तुला? मग तेव्हाच का नाही झालं?" या प्रश्नाचे उत्तर देता देता माझे अर्धे सुट्टीचे दिवस गेले. खरे तर उत्तर सोपे आहे. प्रवेश गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो. २०२४ साली गुणांचा पूर आला होता आणि ५८८ गुणांना देशपातळीवरचा माझा क्रमांक नव्वद हजारांच्या आसपास गेला. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुणही ७२० पैकी ६८६ होते. त्या वर्षी ५२६ गुणांना मी पंचवीस हजारांच्या आत आले.

पहिल्या पुस्तिकेतील मुलगी बारावीची परीक्षा देऊन थेट आलेली होती. तेव्हा पेपरला दोनशे मिनिटे होती. प्रत्येक विषयात 'अ' विभागाचे पस्तीस प्रश्न सक्तीचे, 'ब' विभागातील पंधरांपैकी दहा सोडवायचे, असे एकूण १८० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. तिने १७९ प्रश्न सोडवले, त्यातील ११८ बरोबर आणि ६१ चूक. ४७२ मधून ६१ वजा जाऊन ४११ झाले.

त्या वेळी सगळ्यांनी एकच निदान केले होते: निगेटिव्ह मार्किंगने घात केला, अंदाजाने उत्तरे द्यायला नको होती. मलाही ते पटले होते. आता मात्र ते पटत नाही, कारण हिशेब वेगळे सांगतो. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर सरासरीने चारांत एकदा चार गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो. म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण हाती उरतो. दोन पर्याय विचारपूर्वक बाद करता आले, तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुण मिळतो. नुसत्या अंदाजाने कोणी बुडत नाही. त्या मुलीला बुडवले ते वेळेने, आणि हे पुस्तिकेच्या पानांवर स्पष्ट दिसते.

तिने पेपर छापलेल्या क्रमाने सोडवला. पुस्तिकेत फिजिक्स पहिले होते. धारित्रांच्या एका परिपथाच्या गणितासाठी तिने अर्धे पान भरले आहे. आधी समांतर जोडणी समजून, मग ती खोडून एकसर समजून, आणि शेवटी आलेले उत्तर चार पर्यायांत नाही म्हणून सर्वांत जवळच्या आकड्याभोवती गोल. असे चार-पाच प्रश्न आहेत. बायोलॉजी, म्हणजे ३६० गुणांचा अर्धा पेपर, शेवटी आला आणि त्याच्या अखेरच्या दोन पानांवर कच्चे काम तर नाहीच, पण प्रश्नाखाली रेघसुद्धा नाही. नंतर संकेतस्थळावर आलेल्या ओएमआरच्या स्कॅन प्रतीशी ही पाने ताडून पाहिली, तेव्हा काही प्रश्नांत पुस्तिकेतील खूण बरोबर आणि ओएमआरवरील गोल दुसराच असे आढळले. घाईत एक ओळ सरकली होती. ते प्रश्न तिला येत होते.

दुसऱ्या वर्षी मी लातूरला रिपीटर बॅचमध्ये राहिले. वसतिगृह, मेस, टेस्ट सिरीज आणि दर रविवारी लागणारी गुणवत्ता यादी. लातूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. २०२४ च्या पुस्तिकेत १५३ बरोबर, २४ चूक आणि ३ कोरे आहेत. ही मुलगी अभ्यासात माझ्यापेक्षा काकणभर सरसच होती, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. एनसीईआरटीच्या बायोलॉजीतील ओळ वाचली की ती पान सांगत असे.

तिच्याच बाबतीत तो अणूचा प्रश्न घडला. दोन विधाने होती. पहिले, अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो; दुसरे, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. तिने दोन्ही बरोबर ठरवली, कारण वसतिगृहातील एका ताईकडून मिळालेल्या फिजिक्सच्या जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात दुसरे विधान जवळपास याच शब्दांत होते. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे अणू' अशी दुरुस्ती झाली होती, आणि किरणोत्सारी मूलद्रव्ये आठवली तर तेच योग्य आहे. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली गेली होती आणि तिला ५९३ गुण होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले, आणि जुलैअखेर आलेल्या सुधारित निकालात चार गुण गेले, वर एक वजा झाला. ५९३ चे ५८८ झाले. त्या पाच गुणांनी शासकीय प्रवेश हुकला असे नाही, तो ५९३ लाही मिळाला नसता. पण त्या वर्षी फक्त या प्रश्नामुळे लाखो मुलांचे क्रमांक हलले.

खासगी महाविद्यालयाची फी पप्पांच्या आवाक्याबाहेरची होती. बीएएमएसला प्रवेश मिळत होता आणि घरातील बहुतेकांचे मत तो घ्यावा असेच होते. आई मात्र एवढेच म्हणाली, "तुझ्या मनात काय आहे ते सांग, बाकीच्यांचं मी बघते." तिसऱ्या वर्षाचा निर्णय त्या वाक्यावर झाला.

तिसऱ्या वर्षी मी नव्याने शिकले ते फार थोडे. टेस्ट सिरीजचा प्रत्येक पेपर तपासताना चुकलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचे ठरवले: 'न' म्हणजे मुळात येत नव्हते, 'ह' म्हणजे येत असून हुकले, 'वे' म्हणजे नको तितका वेळ गेला. हे तिसरे अक्षर बरोबर आलेल्या प्रश्नापुढेही लिहायचे, ही सरांची सूचना. सुरुवातीला मला ती विचित्र वाटली. महिन्याभरात चित्र समोर आले की माझे फिजिक्सचे बरेच बरोबर प्रश्नसुद्धा 'वे' होते. सहा-सात मिनिटे देऊन मिळवलेले चार गुण, आणि त्याच वेळात केमिस्ट्रीचे तीन प्रश्न न वाचता राहिलेले. गुणांच्या बेरजेत ते बरोबर म्हणून मिरवत होते, त्यामुळे आदल्या दोन वर्षांत कोणाच्याच लक्षात आले नाहीत.

त्यावर उपाय म्हणून दोन फेऱ्यांची सवय लावली. पहिल्या फेरीत बायोलॉजी, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. प्रश्न वाचून संपताना रीत सुचली तरच पेन टेकवायचे, नाहीतर प्रश्नक्रमांकाभोवती गोल करून पुढे जायचे. गोल केलेले प्रश्न दुसऱ्या फेरीत. ओएमआर प्रत्येक पान संपले की लगेच भरायची आणि पहिला गोल रंगवण्यापूर्वी क्रमांक मनात म्हणायचा, कारण बायोलॉजीपासून सुरुवात केली की ओएमआरवर मधूनच सुरुवात होते आणि ओळ सरकण्याचा धोका तिथेच असतो. ही रीत न येणारे प्रश्न आणून देत नाही, हेही सांगितले पाहिजे. इनऑर्गॅनिक केमिस्ट्री माझी शेवटपर्यंत कच्चीच राहिली.

४ मे २०२५ ला पेपर हाती आला तेव्हा 'ब' विभागातील निवड रद्द झालेली होती. १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ १८० मिनिटे. फिजिक्सची पहिली फेरी झाली तेव्हा पंचेचाळीसपैकी निम्म्याहून अधिक क्रमांकांभोवती गोल होते. वर्गात कोणीतरी मुसमुसत होते. २०२३ ची मुलगी तिथे पहिल्याच प्रश्नात रुतून बसली असती, आणि २०२४ ची, जिला सगळे येत असे, ती आपल्याला येत नाही या धक्क्यानेच हलली असती असे मला वाटते. मी दुसऱ्या फेरीत त्यातले जमतील तेवढे उचलले आणि अकरा कोरे सोडले. बायोलॉजीत ३०७, केमिस्ट्रीत १२३ आणि फिजिक्समध्ये ९६. एकूण १३८ बरोबर, २६ चूक, १६ कोरे.

वर अंदाजाचा हिशेब मांडला, मग सोळा प्रश्न कोरे का, असे कोणी विचारेल. त्या हिशेबाने मला फार तर चार गुण अधिक मिळाले असते. पण शेवटची दहा मिनिटे मी भरलेले गोल पुस्तिकेशी ताडून पाहण्यात घालवली आणि बायोलॉजीत दोन ठिकाणी चुकीचा पर्याय रंगवण्याच्या बेतात होते, ते वाचवले. तो व्यवहार मला आजही फायद्याचा वाटतो.

प्रवेशप्रक्रिया राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून, सीईटी सेलच्या कॅप फेरीने झाली. रिपीटरला त्यात एक कागद जास्त लागतो, मधल्या काळाचे गॅपचे प्रतिज्ञापत्र. बारावीनंतर आजतागायत अन्य कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला नाही, एवढाच त्याचा मजकूर. तो आधीच करून ठेवावा, कागदपत्र पडताळणीच्या दिवशी नोटरी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

यंदा माझा मावसभाऊ अकरावीला आहे. त्याने माझी सगळी पुस्तके मागितली. अक्षरे लिहिलेली वही, तिन्ही पुस्तिका आणि केमिस्ट्रीच्या नोट्स दिल्या. फिजिक्सचे ते जुने पुस्तक मात्र ठेवून घेतले आणि नव्या आवृत्तीसाठी त्याच्या हातावर पैसे ठेवले.