विहिरीचं पाणी, पंधरा नळ्या आणि फसवा बुडबुडा

मागच्या खेपेला जंतू वाढवायचा मॅकॉन्की ब्रॉथ ढवळण्यातच रविवार गेला होता. या खेपेला गावच्या विहिरीच्या पाण्याचा एमपीएन, म्हणजे १०० मिलीत कोलिफॉर्म जंतू किती असावेत याचा सर्वात संभाव्य आकडा, शेवटपर्यंत नेला. आकडा आला, पण आधी चुकीचा आला. म्हणून ही नोंद जरा लांबली आहे.

मांडणी नेहमीचीच. तीन रांगा, प्रत्येकीत पाच नळ्या. पहिल्या रांगेत दुप्पट ताकदीचा ब्रॉथ १० मिली आणि त्यात पाणी १० मिली, म्हणजे मिसळल्यावर ताकद बरोबर एकपट उरते. दुसऱ्या रांगेत एकपट ब्रॉथमध्ये १ मिली पाणी. तिसऱ्या रांगेत ०.१ मिली, पण माझ्या पिपेटने तेवढं नेमकं मोजता येत नाही, म्हणून पाणी आधी दहापट पातळ करून त्यातलं १ मिली घातलं. सोळावी नळी बिनपाण्याची, नुसत्या ब्रॉथची. ही ठेवायचा मला नेहमी कंटाळा येतो. या वेळी तिनेच वाचवलं.

प्रत्येक नळीत उपडी डरहॅम ट्यूब होतीच. कोलिफॉर्म जंतू लॅक्टोज आंबवतात, त्यातून आम्ल होतं आणि वायू निघतो. आम्लाने जांभळा ब्रॉथ पिवळा पडतो आणि वायूचा बुडबुडा उपड्या नळीत अडकतो. थर्मोकोलच्या पेटीत ३७ अंशाला ४८ तास ठेवून मोजलं, तर बुडबुड्याच्या नळ्या पहिल्या रांगेत पाच, दुसरीत दोन, तिसरीत तीन. ५-२-३. तक्त्यात पाहिलं तर १०० मिलीला १२०.

आकडा वहीत लिहून टाकला आणि मग खटकलं. दुसऱ्या रांगेत पाचपैकी तीन नळ्या कोऱ्या होत्या. जंतू पाण्यात कसेही विखुरलेले असतात असं धरलं, तर कोरी नळी म्हणजे त्या १ मिलीत एकही जंतू आला नाही. कोऱ्या नळ्यांचं प्रमाण ०.६, आणि पॉयसाँच्या हिशेबाने ते e⁻ˣ इतकं असायला हवं. x म्हणजे १ मिलीतले सरासरी जंतू. तो निघतो ०.५१, म्हणजे १०० मिलीत साधारण ५१. एमपीएनमध्ये मोजणी खरी या कोऱ्या नळ्याच करतात. पहिल्या रांगेतल्या पाचही नळ्या पिवळ्या, त्यांच्याकडून 'जंतू बरेच आहेत' एवढंच कळतं.

आता १ मिलीत अर्धा जंतू, तर ०.१ मिलीत सरासरी ०.०५. अशा पाच नळ्यांपैकी तीन लागण्याची शक्यता हजारात एक.

म्हणून तिसऱ्या रांगेच्या त्या तीन नळ्या खिडकीशी धरून नीट पाहिल्या. बुडबुडा होता, पण ब्रॉथ तसाच जांभळा, स्वच्छ, जराही गढूळ नाही. आम्लाशिवाय वायू? मग सोळावी नळी उचलली. तिच्यातही मोहरीएवढा बुडबुडा!

दोष माझा. ब्रॉथ आदल्या आठवड्यात कुकरमध्ये निर्जंतुक करून फ्रिजमध्ये ठेवला होता आणि फ्रिजमधून काढून थेट वापरला. थंड ब्रॉथमध्ये हवा जास्त विरघळते. पेटीत तापला की ती सुटते आणि उपड्या नळीत जमते. नळ्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायच्या आणि सकाळी बुडबुडा दिसेल ती बाद करायची, एवढंच करायचं होतं. (कुकरचं प्रेशर घाईने सोडलं तरी हवा अडकते, पण तेव्हा ती पाणी घालण्याआधीच दिसते.)

पण मग दुसऱ्या रांगेतल्या दोन पिवळ्या नळ्यांचा बुडबुडा तरी खरा कशावरून? म्हणून बुडबुड्याच्या दहाही नळ्यांतून तारेच्या कडीने थेंब उचलून ब्रिलियंट ग्रीन बाइल ब्रॉथमध्ये सोडला. हे नाहीतरी करायचंच असतं, कारण मॅकॉन्कीत आलेला वायू फक्त संशय असतो. हा ब्रॉथ या वेळी रात्रभर बाहेर ठेवला होता. ४८ तासांनी पहिल्या रांगेच्या पाचही नळ्यांत वायू, दुसरीच्या दोन्हींत वायू, तिसरीच्या तिन्ही कोऱ्या.

म्हणजे ५-२-०, तक्त्यात ४९. कोऱ्या नळ्यांवरून काढलेल्या ५१ च्या अगदी शेजारी. पण या ४९ ला फार चिकटून बसू नये. पाच नळ्यांच्या मांडणीत त्याची ९५ टक्के मर्यादा साधारण १७ ते १३० पसरते. पुढच्या महिन्यात ७० आले तर विहीर बिघडली असं मी म्हणणार नाही.

आणि हे सगळे कोलिफॉर्म. त्यात माती-पाचोळ्यातलेही येतात. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकात १०० मिलीत ई. कोलाय आढळूच नये असं आहे. ते पाहायला ईसी ब्रॉथ ४४.५ अंशावर धरावा लागतो, तोही ०.२ अंश इकडेतिकडे न होऊ देता. माझी थर्मोकोलची पेटी बल्ब चालू-बंद होताना दोन अंश झोके घेते. आता पाण्याच्या टबात बसणारा हीटर शोधतोय. तोवर विहिरीचं पाणी उकळूनच पितो. वापरलेल्या नळ्याही पुन्हा कुकरमध्ये वीस मिनिटं शिजवूनच मोरीत ओतल्या. त्या कुकरवर लाल रंगाने फुली मारली आहे, स्वयंपाकघरात तो परत जात नाही.