साडेसातचा पंप आणि दोन इंची पाईप

मुलुंडच्या एका सात मजली सोसायटीतून फोन आला, तेव्हा तक्रार अशी होती: पाच एचपीचा जुना पंप काढून साडेसातचा बसवला, तरी गच्चीवरची टाकी भरायला दीड तासाच्या वरच वेळ लागतोय. ज्याने पंप विकला तो म्हणतो पंप चांगला आहे. प्लंबर म्हणतो व्होल्टेज कमी आहे. आता कोणीतरी दहा एचपीचा पंप सुचवलाय, आणि कमिटीची त्यावर सभा लागलीय.

मुंबईत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेत येतं, ते जमिनीखालच्या टाकीत साठतं आणि तिथून पंपाने वर चढवावं लागतं. सकाळी टाकी वेळेत भरली नाही की वरच्या मजल्यांचे नळ आधी कोरडे पडतात. त्यामुळे लोकांचा वैताग मला समजत होता. पण मोठा पंप घ्यायच्या आधी एक साधी गोष्ट कोणीच पाहिली नव्हती: पंपाची ताकद नक्की जाते कुठे?

मी आधी वर गेलो. गच्चीवरची टाकी आरसीसीची, आतून ४ मीटर बाय अडीच मीटर. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर, आणि पाणी १० सेंटिमीटर चढलं की १,००० लिटर आलं. खाली पंप चालू करायला सांगितला, दांडीला टेप बांधून आत सोडली आणि घड्याळ लावलं. टाकीतून कोणी पाणी घेऊ नये म्हणून खाली जाणारे व्हॉल्व्ह तेवढ्यापुरते बंद ठेवले. दहा मिनिटांत पातळी २१ सेंटिमीटर चढली. दहा मिनिटांत २,१०० लिटर, म्हणजे सेकंदाला साडेतीन लिटर. टाकीची क्षमता २०,००० लिटर, म्हणून ९५ मिनिटं. तक्रार अगदी खरी होती.

मग पंपरूममध्ये आलो. डिलिव्हरी पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे प्रेशर गेज बसवला. पंप बंद असताना काटा ३ किलोवर स्थिर. एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याचा उभा स्तंभ, म्हणजे खालच्या टाकीपासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत ३० मीटर. पंप चालू केला आणि काटा ५.२ वर गेला.

माझं निदान इथेच झालं. पाणी चढवायचं ३० मीटर, पण पंप ढकलतोय ५२ मीटर चढवल्यासारखा. मधले २२ मीटर कुठल्याच मजल्याचे नाहीत. ते पाईपच्या भिंतीवरचं घर्षण.

क्लॅम्प मीटरने करंट पाहिला तर ८.८ अँपियर. मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्यापेक्षा बराच कमी. इथे बरेच जण फसतात. लाईन तुंबली की पंपावर लोड वाढून करंट वाढेल असं वाटतं. पण सेंट्रिफ्युगल पंपाचं उलट असतं: पाणी कमी जातं तसा करंटही कमी होतो. मोटर थंड, आवाज बरा, ट्रिपिंग नाही, म्हणून सगळे म्हणतात पंप मस्त चाललाय. पंपात खरंच काही खोट नव्हती.

कमिटीचे खजिनदार काका सगळा वेळ बाजूला उभे राहून बघत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, कसारा घाटात मालगाड्या चालवलेले. त्यांनी सरळ विचारलं, "पाचच्या जागी साडेसात घातला. दीडपट ताकद म्हणजे दीडपट पाणी यायला नको का?"

म्हटलं, "काका, घाटात इंजिनाची ताकद कशी मोजायची ते तुम्हीच मला सांगाल." आणि पंपरूमच्या भिंतीवरच खडूने मांडणी सुरू केली.

घाटाचा चढ ३७ ला १. एक हजार टनांची गाडी त्या चढावर नुसती धरून ठेवायची तरी सुमारे २७ टनांची ओढ लागते, चाकांचं घर्षण वेगळं. ही ओढ म्हणजे बल. गाडी उभी असेल तर इंजिन कितीही जोर लावो, पॉवर शून्य, कारण काही सरकतच नाही. तीच गाडी ताशी ३० किलोमीटरने चढवायची, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर, तर २७,००० किलोची ओढ गुणिले तो वेग. ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती, म्हणून ७५ ने भागायचं. येतात सुमारे ३,००० अश्वशक्ती. तोच चढ, तीच गाडी, पण वेग ६० हवा असेल तर ६,०००. पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. त्यातलं एक वाढलं आणि पॉवर तेवढीच राहिली, की दुसरं कमी होणारच.

काका म्हणाले, "म्हणून तर मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. एका इंजिनाला तेवढी ओढ झेपत नाही."

"बरोबर. आता तुमच्या पाईपमध्ये गाडी कोणती ते बघू."

पाईप दोन इंची, आतून साडेबावन्न मिलिमीटर. ३० मीटर उंचीत मावणारं पाणी सुमारे ६५ लिटर, म्हणजे ६५ किलो. पंप हाच स्तंभ वर ढकलत असतो. पाईप नवा असताना टाकी सदुसष्ट-अडुसष्ट मिनिटांत भरायची असं वॉचमनने सांगितलं होतं. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, आणि पाईपमधला वेग सेकंदाला २.३ मीटर. ६५ गुणिले २.३ म्हणजे १५०. भागिले ७५, दोन अश्वशक्ती.

हेच दुसऱ्या बाजूनेही येतं: सेकंदाला ५ लिटर, उंची ३० मीटर, गुणाकार १५०. पुन्हा दोन अश्वशक्ती. बल आणि वेगाने मोजा किंवा पाणी आणि उंचीने, उत्तर एकच, कारण गोष्टच एक आहे. हा मेळ बसतो ना, तो मला अजूनही फार आवडतो.

मग पाच एचपी कशाला? नव्या पाईपमध्येही, बेंड धरून, सुमारे ८ मीटरचं घर्षण असणार. म्हणजे ३८ मीटर, अडीच अश्वशक्ती. पंपाची स्वतःची कार्यक्षमता या आकारात ५५ टक्क्यांच्या आसपास धरली तर मोटरच्या शाफ्टवर साडेचारच्या वर लागतात. पाचचा पंप अगदी नेमका निवडलेला होता.

आता आजचा हिशोब. सेकंदाला साडेतीन लिटर, ३० मीटर: १०५, म्हणजे १.४ अश्वशक्ती. घर्षणाचे २२ मीटर: आणखी एक. मीटरवरून मोटर लाईनमधून घेत होती ५.२ किलोवॅट, म्हणजे सात अश्वशक्ती. सात आत जातात, त्यातल्या १.४ पाणी चढवतात. बाकी सगळी भिंतीवर घासण्यात, पंपात पाणी घुसळण्यात आणि मोटरच्या उष्णतेत. पंप मोठा केल्यावरही वरचं पाणी सेकंदाला ३ लिटरवरून साडेतीनवर आलं, एवढाच फायदा.

कारण घर्षण वेगासारखं सरळ वाढत नाही, जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतं. त्यात पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून घर्षणासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. पाणी दुप्पट हवं तर चढवायची पॉवर दुप्पट, पण घासण्याची आठपट. अशा लाईनला दहाचा पंप लावला असता, तर आणखी दहा-पंधरा मिनिटं वाचली असती आणि वीजबिल वाढलं असतं.

काकांना एवढ्यावर पटलं, सेक्रेटरींना नाही. पाईप बाहेरून चांगला रंगवलेला, कुठे गळती नाही. मग पहिल्या मजल्याजवळचा पाईपचा जोड, म्हणजे युनियन, उघडून एक तुकडा काढला. आत तांबूस-काळ्या गंजाचे फोड, एकमेकांवर चढलेले, स्क्रू ड्रायव्हरने टोकरले तर पापुद्रे निघून खाली काळं चिखलासारखं काहीतरी. बाहेरून दोन इंच, आत वाट जेमतेम दीड इंचाची, तीही वेडीवाकडी. सेक्रेटरींनी बोट फिरवून पाहिलं आणि गप्प झाले.

वाट दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर झाली तर आतलं पाणी उरतं ३४ किलो. गाडी हलकी झाली! पण तेवढ्याच वाटेतून साडेतीन लिटर काढायचे तर वेग जातो सेकंदाला ३.१ मीटरवर, आणि भिंतीची ओढ होते २५ किलो. ३४ किलोचं ओझं आणि मागे ओढणारे २५ किलो. व्यास थोडा घटला तरी घर्षण इतकं का वाढतं त्याचं उत्तर यात आहे: तेवढ्याच पाण्यासाठी ते व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतं.

माझी शिफारस साधी होती. उभी लाईन बदलून अडीच इंची करा, बेंड कमी करा, आणि भंगारात द्यायला काढलेला पाचचा पंप परत बसवा. साडेसातचा तसाच ठेवा म्हणाले, पण मी नको म्हटलं. तो जास्त उंचीसाठी बनलेला पंप आहे. घर्षण कमी झालं की तो हवं त्याहून जास्त पाणी फेकायला जाईल, करंट चढेल आणि मोटर ओव्हरलोड होईल. मोकळ्या लाईनवर पंप जळतात ते असे.

लाईन बदलल्यावर पुन्हा गेलो. पाचचा पंप चालू, काटा ३.४ वर. करंट ६.८ अँपियर, प्लेटवरच्या आकड्याच्या आत. टाकी तासाभरात भरली. आधी एका भरण्याला आठ युनिटच्या वर जात होते, आता चार. नुसतं २०,००० लिटर पाणी ३० मीटर उचलायलाच १.६ युनिट लागतात, वेळ कितीही घ्या. त्याखाली कोणताच पंप जाऊ शकत नाही, म्हणून "निम्म्या बिलाचा पंप" विकणाऱ्याला आधी हा आकडा विचारावा.

गेज मी तिथेच कायमचा बसवून घेतला. वॉचमनच्या वहीत महिन्यातून एकदा दोन आकडे लिहायचे ठरले: पंप बंद असतानाचा आणि चालू असतानाचा. पहिला तीनच राहील, इमारत काही उंच होत नाही. दुसरा ३.४ वरून ४ कडे सरकू लागला तर लाईनमध्ये अडथळा वाढतोय, आधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना ते बघायचं. आणि तो घसरून तीनकडे आला, टाकीही उशिरा भरू लागली, तर दोष पंपाकडे आहे: पाणी फेकणारं आतलं चाक, म्हणजे इंपेलर, झिजला असेल, सक्शनमध्ये कचरा असेल, किंवा तिथून हवा ओढली जात असेल. वही कोण लिहिणार यावर चर्चा झाली, तेव्हा काकांनी ती स्वतःकडे घेतली.